उत्केंद्र भाराखालचं आयताकृती फूटिंग: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

शेडच्या पोलादी फ्रेमचं विश्लेषण संपलं. मधल्या कॉलमच्या तळाचे आकडे आज हाती आले. फूटिंगचा पहिला अंदाज लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, तळ जमिनीखाली १.५ मीटर असा धरला आहे. वारा लांबीच्या दिशेने येणार आहे, त्यामुळे लांब बाजू तिकडे.

मृदा अहवालात सुरक्षित धारणक्षमता २०० किलोपास्कल दिली आहे. हा आकडा स्थूल आहे, म्हणजे वरच्या मातीचं वजन त्यात धरलेलं आहे. तेव्हा माझ्या बाजूनेही फूटिंगचं आणि त्यावरच्या भरावाचं वजन भारात धरावं लागेल. एका बाजूला स्थूल आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ, अशी तुलना केली तर ३० किलोपास्कलचा फरक निमूट निघून जातो. काँक्रीट आणि माती मिळून सरासरी २० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं, तर ३ × २ × १.५ × २० म्हणजे १८० किलोन्यूटन.

विश्लेषणातले आकडे जमिनीच्या पातळीला पेडेस्टलच्या माथ्यावर मिळतात. फूटिंगचा तळ त्याखाली दीड मीटर आहे. त्यामुळे आडवा भार गुणिले दीड मीटर एवढा मोमेंट तळाशी वाढतो. फ्रेमच्या मॉडेलमध्ये फूटिंग नसतंच, म्हणून हा भाग तिथे दिसत नाही आणि नेमका तोच गणितातून सुटतो. कॉलमचा तळ बिजागरीचा असेल आणि मॉडेलमध्ये मोमेंट शून्य दिसत असेल, तरीही फूटिंगच्या तळाशी मोमेंट शून्य नसतो. बाजूच्या मातीचा आधार मी धरत नाही. ती माती उद्या कोणी नाली काढायला खणली तर तो आधार गेला.

दोन भारसंयोग महत्त्वाचे दिसतात.

जड संयोग, म्हणजे सगळा उभा भार आणि वारा: कॉलमचा भार ५४० किलोन्यूटन, मोमेंट १२६ किलोन्यूटन-मीटर, आडवा भार ६० किलोन्यूटन.

हलका संयोग, म्हणजे फक्त कायमचा भार आणि छप्पर वर ओढणारा वारा: कॉलमचा भार १८०, मोमेंट १४४, आडवा भार तोच ६०.

५ फेब्रुवारी

आधी जड संयोग. तळाशी एकूण उभा भार ५४० + १८० = ७२० किलोन्यूटन. तळाशी मोमेंट १२६ + ६० × १.५ = २१६. उत्केंद्रता २१६ भागिले ७२०, म्हणजे ०.३० मीटर. याचा अर्थ असा की भार आणि मोमेंट ही जोडी बाजूला ठेवून, ७२० चा एकच भार मध्यापासून ३० सेंटीमीटर सरकून बसला आहे, असं समजलं तरी फूटिंगच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. पुढचं सगळं गणित या एका कल्पनेवर उभं आहे. खाली P म्हणजे तळाशी एकूण उभा भार, M तळाशी मोमेंट, e उत्केंद्रता, L लांबी, B रुंदी आणि q दाब.

```
e    = M / P
qmax = (P / (B*L)) * (1 + 6*e/L)
qmin = (P / (B*L)) * (1 - 6*e/L)
```

सरासरी दाब १२० किलोपास्कल. 6e/L हे पद ०.६ येतं. दाब एका कडेला १९२, दुसऱ्या कडेला ४८. दोन्ही धन आहेत आणि मोठा आकडा २०० च्या आत आहे. हा संयोग बसला.

आडव्या भाराचा दीड मीटरचा हिस्सा सोडून दिला असता तर उत्केंद्रता ०.१७५ आली असती आणि कमाल दाब १६२ दिसला असता. तीस किलोपास्कलचा फरक फक्त एका गुणाकाराने पडतो.

हे सूत्र कुठपर्यंत चालतं तेही त्यातच लिहिलेलं आहे. e जोवर L/6 च्या आत आहे तोवर लहान दाब शून्याखाली जात नाही. इथे L/6 म्हणजे ०.५० मीटर. मध्यापासून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे लांबीचा मधला तिसरा हिस्सा. परिणामी भार त्या हिश्श्यात पडतो तोवर संपूर्ण तळ मातीला टेकलेला असतो.

६ फेब्रुवारी

हलका संयोग. माझ्या मते या फूटिंगचं खरं काम इथे आहे. भार निम्म्यावर आला आहे, म्हणून पाहणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो.

एकूण उभा भार १८० + १८० = ३६० किलोन्यूटन. तळाशी मोमेंट १४४ + ९० = २३४. उत्केंद्रता ०.६५ मीटर. मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या बाहेर.

तेच सूत्र लावलं तर सरासरी ६०, एका कडेला १३८ आणि दुसऱ्या कडेला उणे १८ किलोपास्कल. उणे म्हणजे ताण. त्या कडेला मातीने फूटिंगला खाली ओढून धरलं पाहिजे, असं सूत्र सांगतं आहे. माती फूटिंगला वर ढकलू शकते, ओढून धरू शकत नाही. फूटिंगखालचं पीसीसी, म्हणजे बिनसळयांच्या काँक्रीटचा थर, आणि माती यांच्यामधला सांधा ताण घेत नाही, तो उघडतो. म्हणजे ती कडा मातीवरून सुटते आणि उरलेल्या भागावर दाब नव्याने वाटला जातो.

माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने तयार केलेल्या तक्त्यात उणे उत्तर आलं की तिथे शून्य लिहायचं आणि कमाल दाब १३८ तसाच ठेवायचा, अशी अट होती. त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सर, ताण येत नाही म्हणून शून्य केलं." विचार बरोबर आहे, पण तो अर्ध्यावर थांबला आहे. आम्ही दोघांनी बसून समतोल तपासला.

उणे भाग कापल्यावर उरतो तो त्रिकोण. त्याची लांबी १३८ भागिले १५६ गुणिले ३, म्हणजे २.६५ मीटर. त्या त्रिकोणाचा एकूण जोर अर्धा × १३८ × २.६५ × २, सुमारे ३६६ किलोन्यूटन. वरून येणारा भार ३६०. माती भारापेक्षा जास्त जोराने ढकलते आहे. शिवाय त्रिकोणाचा गुरुत्वमध्य कडेपासून ०.८८ मीटरवर येतो आणि भार उभा आहे कडेपासून १.५ − ०.६५ = ०.८५ मीटरवर. दोन्ही समतोल बिघडले. कारण उघड आहे: जो ताण आपण पुसला तो बेरजेत धरलेला होता, तो गेल्यावर बाकीचे आकडे तसेच राहू शकत नाहीत.

खरं उत्तर मिळवायला सूत्र पाठ करायची गरज नाही. दाबाचा आकार त्रिकोणी, एका टोकाला शून्य. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य जाड टोकापासून एक-तृतीयांशावर असतो. तो गुरुत्वमध्य भाराच्या बरोबर खाली आलाच पाहिजे, नाहीतर फूटिंग स्थिर राहणार नाही. भार कडेपासून ०.८५ मीटरवर, म्हणून टेकलेली लांबी त्याच्या तिप्पट, २.५५ मीटर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ गुणिले रुंदी बरोबर ३६०, यातून कमाल दाब.

```
c    = 3 * (L/2 - e)
qmax = 2*P / (B*c)
```

720 / (2 × 2.55) म्हणजे १४१ किलोपास्कल. दुसऱ्या टोकाची ४५ सेंटीमीटर पट्टी हवेत.

इथे १३८ आणि १४१ मध्ये फार अंतर नाही, आणि २०० पासून दोन्ही लांब आहेत. सहकाऱ्याने हेच विचारलं: एवढ्याशा फरकासाठी वेगळं सूत्र कशाला? उद्या त्याचं उत्तर आकड्यांतच लिहितो.

७ फेब्रुवारी

हेच फूटिंग, हाच ३६० चा भार, फक्त मोमेंट वाढवून ३६० केला. उत्केंद्रता १ मीटर, म्हणजे लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. नेहमीचं सूत्र कमाल दाब १८० देतं आणि तक्ता "चालेल" म्हणतो. प्रत्यक्षात भार कडेपासून अर्ध्या मीटरवर, टेकलेली लांबी दीड मीटर, दाब ७२० भागिले ३, म्हणजे २४० किलोपास्कल. मर्यादा ओलांडली आणि तक्त्याला पत्ता नाही.

सरासरी दाबाच्या किती पट कमाल दाब येतो ते लिहून ठेवतो. उत्केंद्रता L/6 असताना दोन्ही रीतींनी २ पट. L/4 ला जुनं सूत्र २.५ म्हणतं, खरं २.६७. L/3 ला जुनं ३, खरं ४. आणि ०.४ L ला जुनं ३.४, खरं ६.६७. जुनं सूत्र सरळ रेषेत वाढतं. खरा दाब मात्र भार कडेजवळ सरकेल तसा अनंताकडे जातो, कारण टेकलेली लांबी शून्याकडे जाते. म्हणून मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या किंचित बाहेर दिसणारा किरकोळ फरक फसवा आहे.

तक्त्यातली अट बदलली: e आणि L/6 ची तुलना आधी, मग सूत्राची निवड. शिवाय e जर L/2 पेक्षा जास्त आला तर तक्त्याने उत्तरच देऊ नये. तिथे भार फूटिंगच्या बाहेर पडतो, ते उलटतं, आणि सूत्र मात्र निर्विकारपणे उणे लांबी देऊन मोकळं होतं.

१० फेब्रुवारी

आजच्या बैठकीत सूचना आली की कॉलम फूटिंगच्या मध्यावर न ठेवता मोमेंटच्या उलट दिशेला ३० सेंटीमीटर सरकवावा, म्हणजे दाब सारखा होईल. मोमेंट कायमचा आणि एकाच दिशेचा असेल तर हा उत्तम उपाय आहे. बाजूला लटकलेल्या बाल्कनीसारखा भार असेल तर मी तोच सुचवेन.

इथला मोमेंट वाऱ्याचा आहे, तो दोन्ही दिशांनी येतो. जड संयोगात एका दिशेने ५४० × ०.३ = १६२ चा मोमेंट वजा होऊन ५४ उरतो, छानच. वारा फिरला की तेच १६२ मिळवावे लागतात: ३७८. उत्केंद्रता ०.५२५, टेकलेली लांबी २.९२५, कमाल दाब २४६ किलोपास्कल. मध्यावर ठेवलेल्या कॉलमला १९२ होता. लक्षात ठेवण्यासारखी बारीक गोष्ट अशी की सरकवल्याचा फायदा किंवा तोटा फक्त कॉलमच्या ५४० ला होतो. फूटिंगचं १८० चं वजन मध्यावरच राहतं.

कॉलम मध्यावरच राहील.

११ फेब्रुवारी

हलक्या संयोगात तळाचा काही भाग सुटतो, हे चालवून घ्यायचं का? या प्रकल्पाच्या निकषांत आम्ही असं ठरवलं आहे: कायमच्या भाराखाली संपूर्ण तळ टेकलेला हवा, वाऱ्यासारख्या तात्पुरत्या भारात किमान ७५ टक्के. आपल्याकडे २.५५ भागिले ३, म्हणजे ८५ टक्के. बसतं.

या टक्क्याचा उलटण्याशी थेट संबंध आहे. फूटिंगला धरून ठेवणारा मोमेंट P × L/2, उलटवणारा P × e. दोघांचं गुणोत्तर म्हणजे L/2 भागिले e. तळ ७५ टक्के टेकलेला असतो तेव्हा e बरोबर L/4 असते आणि गुणोत्तर २ येतं. निम्मा तळ टेकलेला असतो तेव्हा ते १.५ वर घसरतं. म्हणजे संपर्काची अट आणि उलटण्याची अट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आपलं गुणोत्तर १.५ भागिले ०.६५, सुमारे २.३.

पण या गणितातले १८० किलोन्यूटन फूटिंग आणि भरावाचे आहेत, आणि हलक्या संयोगात तो अर्धा भार आहे. भराव नसेल तर? शेडचा सांगाडा उभा राहिला, पत्रे लागले आणि खड्डे अजून उघडे आहेत, ही स्थिती बांधकामात नेहमी येते. अर्धा मीटर जाडीचं फूटिंग ७५ किलोन्यूटन, पेडेस्टल ६, एकूण ८१. भार २६१ वर येतो, मोमेंट २३४ च राहतो. उत्केंद्रता ०.९०, टेकलेला तळ ६० टक्के, गुणोत्तर १.६७.

विशेष म्हणजे कमाल दाब जेमतेम १४१ वरून १४४ वर गेला. भार कमी झाला आणि टेकलेली लांबीही कमी झाली, दोघांनी एकमेकांना जवळजवळ फेडलं. फक्त दाब पाहणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसणार नाही. शिवाय भराव नसताना मातीची धारणक्षमताही तेवढी राहत नाही, कारण कडेबाहेरच्या मातीला दाबून धरणारं वजन गेलेलं असतं.

नकाशावर टीप घालायची: भराव पूर्ण करून ठोकून झाल्याशिवाय बाजूचे पत्रे लावू नयेत.

१३ फेब्रुवारी

मृदा सल्लागार मॅडमशी बोललो. माझा प्रश्न होता की कडेच्या १४१ ची तुलना २०० शी करणं कितपत खरं आहे.

त्यांनी सुरुवात मूळ गृहीतकापासून केली. दाब सरळ रेषेत बदलतो हे आपण धरून चालतो, कारण फूटिंग ताठ आहे आणि माती सुट्या स्प्रिंगांसारखी वागते अशी कल्पना केलेली असते. प्रत्यक्षात चिकणमातीवर ताठ फूटिंगच्या कडांना दाब जास्त येतो, वाळूवर कडेची माती निसटते म्हणून मध्यभागी जास्त. कडेला दिसणारा १४१ हा आकडा म्हणून मोजमाप नव्हे, समतोल साधणारा एक सोयीचा आकार आहे. यात पक्कं काय, तर परिणामी जोर किती आणि कुठे. ते मातीचा प्रकार पाहत नाही.

मग त्यांनी मेयरहॉफची १९५३ मधली रीत काढली. तळाचा तेवढाच भाग घ्यायचा ज्याच्या मध्यावर भार येईल, आणि त्यावर दाब सारखा धरायचा. उपयुक्त लांबी ३ − २ × ०.६५ = १.७० मीटर. क्षेत्रफळ ३.४ चौरस मीटर, दाब ३६० भागिले ३.४, म्हणजे १०६ किलोपास्कल. त्रिकोणाच्या आणि या आयताच्या जोराची जागा एकच आहे, आकार वेगळे.

१०६ लहान दिसतो म्हणून तो उचलून २०० शी जोडू नये, यावर त्यांचा भर होता. ही रीत माती खचण्याच्या क्षमतेसाठी आहे, आणि ती क्षमताही याच लहान क्षेत्रासाठी नव्याने काढावी लागते. इथे तर एक मजेदार बदल होतो: उपयुक्त लांबी १.७० मीटर ही रुंदीच्या २ मीटरपेक्षा लहान झाली. म्हणजे सूत्रात रुंदी म्हणून आता १.७० घालायची. आडव्या भारामुळे जोर तिरका आहे, त्याचीही घट धरायची. अहवालातला २०० हा मध्यावरच्या उभ्या भारासाठी, पूर्ण रुंदीवर काढलेला आणि मुख्यतः फूटिंग किती मिलिमीटर खाली बसतं यावर बांधलेला आकडा आहे.

ठरलं ते असं: त्रिकोणी दाबाची कमाल २०० च्या आत ठेवायची, कारण कडेची माती वारंवार जास्त दाबली गेली तर ती कायमची बसते आणि फूटिंग कलतं. आणि खचण्याची तपासणी उपयुक्त क्षेत्रावर स्वतंत्र करायची. ती त्या करून देणार आहेत.

१७ फेब्रुवारी

कोपऱ्यातला कॉलम. याला एकाच संयोगात दोन्ही दिशांचे मोमेंट आहेत. तळाशी एकूण भार ३६०, लांबीच्या दिशेने १८०, रुंदीच्या दिशेने १२०.

उत्केंद्रता लांबीकडे ०.५०, म्हणजे नेमकी L/6. रुंदीकडे ०.३३, म्हणजे नेमकी B/6. दोन दिशांचे दोन वेगळे तक्ते केले तर दोन्ही म्हणतात की ताण नाही, लहान दाब बरोबर शून्य. आणि दोघेही एकत्र घेतले की चूक ठरतात.

```
6*ex/L + 6*ey/B <= 1
```

संपूर्ण तळ टेकायचा तर ही बेरीज १ च्या आत हवी. आपली बेरीज २ आहे. आयताच्या मध्यावर जी सुरक्षित जागा असते तिचा आकार समभुज चौकोनासारखा, टोकं L/6 आणि B/6 वर. दोन्ही दिशांचे मधले तिसरे हिस्से घेऊन जो छोटा आयत होतो, त्याचे कोपरे या चौकोनाच्या बाहेर असतात. आपला भार तशाच एका कोपऱ्यावर उभा आहे.

नेहमीचं सूत्र तिन्ही पदांसह लावलं तर एका कोपऱ्यावर १८०, समोरच्यावर उणे ६०. कोपरा उचलला की टेकलेला भाग पाच बाजूंचा होतो, आणि एका दिशेसारखं तीन ओळींचं उत्तर इथे निघत नाही. शून्य दाबाची रेषा कुठून जाते तेच आधी माहीत नसतं. तेव्हा तळाचे बारीक तुकडे करून, उणे दाब शून्य धरून, तीन समतोल एकाच वेळी जुळवले.

```python
import numpy as np
from scipy.optimize import fsolve
L, B, P, Mx, My = 3.0, 2.0, 360.0, 180.0, 120.0
x = (np.arange(300) + 0.5)/300*L - L/2
y = (np.arange(200) + 0.5)/200*B - B/2
X, Y = np.meshgrid(x, y)
dA = L*B/X.size
def f(v):
    q = np.maximum(v[0] + v[1]*X + v[2]*Y, 0)
    return [q.sum()*dA - P, (q*X).sum()*dA - Mx, (q*Y).sum()*dA - My]
a, b, c = fsolve(f, [P/(L*B), 12*Mx/(B*L**3), 12*My/(L*B**3)])
print(a + b*L/2 + c*B/2)
```

सुरुवातीचा अंदाज म्हणून नेहमीच्या सूत्राचंच उत्तर दिलं आहे. ते खऱ्या उत्तराच्या पुरेसं जवळ असतं, त्यामुळे जुळवाजुळव भरकटत नाही. कमाल दाब सुमारे १९८ किलोपास्कल. हाताने पडताळून पाहिलं: सुटलेला कोपरा म्हणजे लांबीवर १.८७ आणि रुंदीवर १.२५ मीटरचा त्रिकोण, क्षेत्रफळ १.१७ चौरस मीटर. सहापैकी एवढा भाग सुटतो, म्हणजे ८० टक्के तळ टेकलेला.

एक खूण वापरण्यासारखी आहे. उत्तर आल्यावर टेकलेल्या भागावरचा एकूण जोर आणि त्याची जागा पुन्हा मोजायची. जोर ३६० आणि जागा (०.५०, ०.३३) आली नाही तर उत्तर फेकून द्यायचं, ते कितीही सुबक छापलेलं असो.

१८ फेब्रुवारी

१९८ आणि २०० मध्ये कागदावर अंतर आहे, पण या कोपऱ्यासाठी ते मला पुरेसं वाटत नाही. भार बांधकामात दहा सेंटीमीटरने सरकला तरी ते संपतं. कोपऱ्याचं फूटिंग ३.४ × २.४ मीटर केलं. क्षेत्रफळ वाढलं तसं वरचं वजनही वाढलं, आणि अशा हलक्या संयोगात हे वजन मदतीचं असतं: एकूण भार ४२५ होतो, दोन्ही उत्केंद्रता घटतात. मोठ्या फूटिंगवर हाच कोड चालवला, कमाल दाब सुमारे १३० आणि सुटलेला भाग सहा टक्क्यांच्या आसपास. क्षेत्रफळ ३६ टक्के वाढलं, दाब तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरला.

फूटिंग जाड करून किंवा खोल नेऊनही वजन वाढतं. पण खोल नेलं की आडव्या भाराचा मोमेंटही वाढतो, त्यामुळे इथे रुंद करणंच बरं.

२० फेब्रुवारी

सळया. मधल्या फूटिंगकडे परत. खालच्या जाळीची रचना जड संयोगावरून ठरते, त्यात नवीन काही नाही. वरच्या जाळीबद्दल लिहितो, कारण साध्या फूटिंगमध्ये ती बहुधा दाखवलीच जात नाही.

हलक्या संयोगात उचलणाऱ्या बाजूला फूटिंगचा १.२५ मीटर भाग पेडेस्टलच्या बाहेर आहे. त्यावर स्वतःचं आणि भरावाचं वजन ३० किलोपास्कल खाली दाबतं. खालून मातीचा आधार पहिल्या ४५ सेंटीमीटरवर मुळीच नाही, आणि पेडेस्टलपाशी तो फक्त ४४ किलोपास्कलपर्यंत चढतो. पेडेस्टलच्या कडेपाशी खाली वाकवणारा मोमेंट दर मीटर रुंदीला २३.४, वर ढकलणारा ४.७. उरलेले १८.७ किलोन्यूटन-मीटर फूटिंगला वरच्या बाजूने ताणतात. तिथे सळई नसेल तर भेग वरून पडेल, आणि भरावाखाली ती कोणालाही दिसणार नाही.

हे आकडे सेवाभाराचे आहेत. सळयांसाठी भारगुणक लावायचे, पण इथे सावधपणे: वजन कुठे मदत करतं आणि कुठे त्रास देतं हे ठिकाण पाहून ठरतं. उलटण्यात तेच वजन आपल्या बाजूचं असतं, वरच्या सळयांच्या मोमेंटमध्ये विरुद्ध बाजूचं.

वरच्या जाळीसाठी आधाराच्या खुर्च्याही नकाशात दाखवायला सांगितल्या. काँक्रीट ओतताना जाळी खाली दबली तर ती असून नसल्यासारखी.

२४ फेब्रुवारी

खचण्याची तपासणी मॅडमकडून आली, दोन्ही फूटिंगना मान्यता आहे. नकाशावर प्रत्येक फूटिंगच्या बाजूला तळाचा उभा भार, दोन्ही दिशांचे मोमेंट, टेकलेल्या तळाचा टक्का आणि कमाल दाब असे पाच आकडे छापायला दिले. भरावाची टीप ठळक केली. सहकारी आता उरलेल्या फूटिंगसाठी हलका संयोग आधी चालवतो आहे. गॅबलकडच्या दोन कॉलमना त्यात उभा भार कॉलमपाशी वरच्या दिशेने येतो आहे. तिथे उद्या आधी वजनच पुरतं का ते पाहायचं, मग दाब.